पित्ताच्या नावाखाली गेलेली डोकेदुखी

गर्भारपणाच्या आठव्या महिन्यात पाय सुजले, की घरातील वडीलधाऱ्या बायका 'हे व्हायचेच' म्हणून सुनेची समजूत घालतात. आणि सायंकाळी घोट्याशी साचणारी व रात्रभराच्या विश्रांतीने ओसरणारी सूज बहुधा निरुपद्रवी असल्याने त्यांचे म्हणणे खोटेही नसते. परंतु सकाळी उठताच पापण्या फुगलेल्या दिसू लागल्या, डोहाळजेवणाला सहज भरलेला हिरवा चुडा आता मनगटावर फिरेनासा झाला, आणि जोडीला कपाळही ठणकू लागले, तर ती समजूत तिथेच थांबवावी.

समजा, एका पहिलटकरणीचा रक्तदाब तिसऱ्या महिन्यात 104/66 असा कार्डावर नोंदलेला आहे. चौतिसाव्या आठवड्यात तिचे डोके दुखू लागते. पित्त म्हणून कोकमाचे सरबत दिले जाते, मग गोळी, आणि गोळीने घटकाभर उतार पडल्यामुळे तक्रार दप्तरी दाखल होते. तिसऱ्या दिवशी नजरेपुढे ठिणग्या चमकतात, अक्षरे पुसट होतात, उजव्या बरगडीखाली कळ येते. तीही, अर्थात, पित्ताच्याच खाती. उपकेंद्रातील आरोग्यसेविकेला मात्र रक्तदाब 156/104 आढळतो आणि लघवीत बुडवलेली पट्टी प्रथिन दाखवते.

हा प्रीएक्लॅम्पसिया. विसाव्या आठवड्यानंतर उद्भवणाऱ्या या विकाराचे मूळ वारेत असते: वारेला रक्त पुरवणाऱ्या गर्भाशयाच्या धमन्या पुरेशा रुंदावत नाहीत, आणि अपुऱ्या रक्तावर चालणाऱ्या वारेतून जी द्रव्ये मातेच्या रक्तात उतरतात, ती तिच्या साऱ्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरास इजा करतात. त्यातून द्रव पाझरला की चेहरा व हात सुजतात. मेंदूस झळ लागली की डोके आणि दृष्टी. यकृतास लागली की बरगडीखालची कळ.

सूज हा मात्र भरवशाचा साक्षीदार नव्हे, कारण कित्येकींना ती न येताच हा विकार जडतो. निवाडा रक्तदाबाच्या मापाने व्हावा: 140/90 किंवा अधिक आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, आणि 160/110 पर्यंत चढल्यास, अथवा असह्य डोकेदुखी किंवा अंधूक दृष्टी सोबत असल्यास, सकाळची वाट न पाहता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयात रक्तदाब उतरवण्याची औषधे देतात, आणि आकडी येऊ नये म्हणून मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन; आकडीचा धोका त्याने सुमारे निम्म्याने घटतो. मूळ इलाज म्हणजे प्रसूती; ती केव्हा करावी, हे आईची अवस्था आणि बाळाचे दिवस यांचा मेळ घालून डॉक्टर ठरवतात.

वार पडली तरी धोका तत्क्षणी टळत नाही. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत रक्तदाब पुन्हा उसळू शकतो, आणि सहा आठवड्यांपर्यंत हा विकार प्रथमच प्रकट झाल्याचीही उदाहरणे असतात. म्हणून माहेरी निजलेल्या बाळंतिणीचे डोके ठणकू लागले, तर जागरणाचे निमित्त न लावता तिचा रक्तदाब त्याच दिवशी मोजून घ्यावा, आणि गरोदरपणीचे कार्ड सोबत न्यावे.