मोहाडीचा आवा: लग्नाच्या मागणीत लाल माती की विकतचे स्टोनवेअर

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी परिसरात कुंभाराची माती बोडीतून आणि तलावातून येते. पूर्व विदर्भातल्या शेतकऱ्याने जमिनीला कन्हार, मोरंड, सिहार, खरडी, बरडी अशी नावे दिली आहेत आणि कुंभारालाही त्यांच्याशी कर्तव्य असते. कन्हार काळी आणि चिकट. एकटी वापरली तर वाळताना आखडून तडकते. मोरंडीत चुनखडीचे खडे येतात. सिहार पिवळसर, रेताड. एकटीला चाकावर उभे राहायचे बळ नसते. तलावात साचलेला बारीक गाळ आणि सिहार यांचे मिश्रण चाकावर चालते आणि भाजल्यावर त्यातल्या लोहामुळे लाल होते. कोणत्या तलावाच्या कोणत्या अंगाची माती किती मिसळायची, हे घराघरात वेगळे असते.

ही माती मिळण्याची रीत सत्तर वर्षांत बदलत गेली. मालगुजारी होती तेव्हा तलाव मालगुजाराचा असे आणि कुंभाराला गाळ मिळे तो गावच्या रिवाजाने. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच ‘मामा तलाव’, हे नाव रुळले. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. गाळ काढणे आता परवानगीचा विषय झाला. दुसरीकडे सुगीला धानाच्या रूपात मिळणारा वाटाही आटला. पुढे पितळी घागरीची जागा स्टीलने घेतली, मातीच्या मडक्याची प्लास्टिकने. कुंभाराकडे उरले ते उन्हाळ्यातले माठ, पोळ्याचे बैल, दिवाळीच्या पणत्या आणि लग्नाची मडकी.

विदर्भात दुसरी वाट दाखवली ती चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीने. कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५० च्या दशकात तिथे ग्रामोदय संघ उभा केला. सुधारित चाक, बंद भट्टी आणि चकाकी दिलेली भांडी कुंभारांना तिथे शिकता आली. तरी गावोगावच्या कुंभाराला घरच्या घरी स्टोनवेअर करणे जमले नाही. कारण मातीत कमी होते, भट्टीत जास्त. लोणच्याच्या जुन्या बरण्या स्टोनवेअरच्याच, पण त्या खुर्जा किंवा गुजरातकडून येत आणि लोक त्यांना सरसकट चिनी माती म्हणत.

२०१८ मध्ये महाराष्ट्राने एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या आणि थर्माकोलच्या भांड्यांवर बंदी आणली. तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत कुल्हडाला पुन्हा भाव आला आणि निवड करायची वेळ आली ती इथेच. पूर्वी लग्नाची मागणी ठरलेली असे: बोहल्याशी रचायची मडकी, त्यांच्या झाकण्या, करवलीच्या हातचा करा, पणत्या. आता तिच्यात मठ्ठ्याचे हजार पेले, पाण्याचे माठ आणि पाहुण्यांना द्यायच्या लोणच्याच्या छोट्या बरण्या असतात. घरातल्या एखाद्या शहरी नातलगाचा आग्रहही असतो की सगळे ‘चिनी मातीचे’ हवे.

अशी मागणी माघात एखाद्या सत्तरीच्या कुंभाराकडे आली आणि लग्न वैशाखात असले, तर हिशेब कसा मांडला जातो ते पाहण्यासारखे आहे. पहिला प्रश्न मातीचा. बोडी आटते उन्हाळ्यात. तेव्हा खणलेला गाळ फोडून, वाळवून, पावसाळाभर झाकून मुरवायचा आणि दिवाळीनंतर भिजवून मळायचा, हा क्रम आहे. म्हणजे माघात आलेल्या मागणीला गेल्या उन्हाळ्याचाच ढीग कामी येतो. नवी माती ओली खणून लगेच चाकावर घातली तर ती ओढत नाही, काठ चिरतो.

पाव किलो मळलेल्या मातीत मठ्ठ्याचा एक पेला होतो. हजार पेल्यांना अडीचशे किलो. पंचवीस माठ, प्रत्येकी सात किलो धरून पावणेदोनशे. मांडवाची मडकी आणि पणत्या यांना पाऊणशे. एकूण पाचशे किलो आणि फूटतूट शेकडा पंधरा धरली तर पावणेसहाशे. ढीग तेवढा असेल तर लाल मातीचे काम उभे राहते. नसेल तर विकतच्या तयार मातीचा मोह होतो. स्टोनवेअरची माती पिशवीत येते, गाळलेली, मऊ, एकही खडा नसलेली. चाकावर ती उत्तम चालते, म्हणूनच माणूस फसतो.

अडचण आव्यात कळते. आवा म्हणजे उघडी भट्टी. खाली लाकूड आणि गोवऱ्या, वर भांड्यांचे थर, मधून मधून धानाचा कोंडा, सगळ्यावर तणीस आणि त्यावर राखमातीचा लेप. संध्याकाळी पेटवला की रात्रभर धगधगतो आणि निवायला पुढचा दिवस जातो. त्यात उष्णता आठशे ते नऊशे अंशांपर्यंत जाते, तीही सगळीकडे सारखी नाही. लाल मातीला एवढी पुरते, कारण तिच्यातले लोह आणि क्षार माती लवकर बांधून आणतात. स्टोनवेअरला बाराशेच्या वर, बहुधा बाराशे तीसच्या पुढे जावे लागते. आव्यात भाजलेला स्टोनवेअरचा तुकडा फिकट आणि खडूसारखा निघतो, नखाने ओरखडतो आणि त्यावरची चकाकी वितळतच नाही. उलट लाल मातीचे भांडे बाराशेच्या भट्टीत घातले तर ते फुगते आणि बसते. दोन्ही मातींना पुरेल अशी मधली आच नाही, आणि दोन्ही एकत्र मळूनही प्रश्न सुटत नाही.

मग पेले स्वतः करून भद्रावतीसारख्या ठिकाणी भाजून आणावेत का? कच्चे पेले ट्रॅक्टरवर एवढ्या लांब हादरत गेले तर निम्मे चिरतील, हे वेगळेच. मोठा फरक रचण्यात पडतो. आव्यात लाल पेले एकात एक बसवून आडवे लावतात, एकावर एक थर चढवतात. चकाकी दिलेली भांडी एकमेकांना टेकली तर भट्टीत चिकटतात, म्हणून ती फळ्यांवर सुटी, बोटभर अंतर ठेवून उभी करावी लागतात. ज्या जागेत लाल पेल्यांची रास मावते तिथे चकाकीचे थोडकेच मावतात. हजार पेल्यांसाठी भट्टी किती वेळा पेटवायची, हे मोजले की जळणाचा खर्च पेल्याच्या किमतीला खाऊन टाकतो.

वयस्क कुंभाराला तिसरा मार्गही आठवतो: लाल मातीच्याच पेल्याला कमी आचेवर वितळणारी चकाकी. असा लेप वितळवण्याचा जुना उपाय म्हणजे शिसे, आणि मठ्ठा आंबट. आंबट पदार्थ शिशाच्या चकाकीतून शिसे ओढून घेतो. हा मार्ग बंदच म्हणायचा. न चकाकवलेला पेला एकदाच वापरायचा असल्याने मठ्ठ्याला चालतो. घोटभर पिऊन होईपर्यंत त्याने पाझरू नये एवढीच अपेक्षा असते.

ती तपासायला साधने लागत नाहीत. प्रत्येक आव्यातले पाच-सहा पेले, काही मधले, काही कडेचे, पाण्याने भरून कोरड्या राखेवर अर्धा तास ठेवतात. राख गोल ओली झाली तर तो थर कच्चा राहिला. बोटाने टिचकी मारली तर पक्के भांडे खणखणते, चिरलेले किंवा कच्चे भदभदते. वजनाने पाहायचे तर कोरडा पेला दोनशे ग्रॅम आणि रात्रभर पाण्यात ठेवून पुसलेला दोनशे अठ्ठावीस ग्रॅम भरला, म्हणजे मातीने चौदा टक्के पाणी प्यायले. लाल मातीला हे ठीक आहे. स्टोनवेअर दोन-तीन टक्क्यांच्या वर पिऊ नये. विकत आलेल्या बरणीची बुडाची चकाकी नसलेली कडा जिभेला लावून पाहतात. जीभ चिकटली तर ती बरणी नीट भाजलेली नाही आणि तिच्यात तेल पाझरेल.

माठाचा प्रश्न तर उरतच नाही. माठाचे पाणी गार होते ते पाझरल्यामुळे; भिंतीतून बाहेर आलेले पाणी वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. स्टोनवेअरच्या माठात वैशाखाचे पाणी कोमटच राहील. मांडवाची मडकी आणि पणत्या गावच्या मातीच्या, हा रिवाजाचाच भाग आहे. तिथे कोणी चिनी मातीचा आग्रह धरलाच तर घरातली म्हातारी माणसे तो हाणून पाडतात. राहिल्या लोणच्याच्या बरण्या. मीठ, तेल, आंबट, वर्षभर ठेवायचे. लाल माती हे काम करूच शकत नाही. मीठ तिच्या भिंतीत शिरते आणि बाहेर पांढरे फुलते, थर सुटायला लागतो. त्या बरण्या तयार स्टोनवेअरच्याच आणाव्यात, आणि कुंभाराने त्यांवर आपला थोडा वाटा ठेवून गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे की या विकतच्या आहेत. अशा वाटणीत पावणेसहाशे किलोची लाल माती पुरते आणि विकतची माती घ्यावीच लागत नाही.

उरतो धोका हवामानाचा आणि चुन्याचा. फाल्गुन-चैत्रात अवकाळी पाऊस आला की वाळत घातलेले माठ भिजतात आणि बाहेरून कोरडे दिसले तरी आत ओल राहते. आवा पेटल्यावर पहिल्या तासांत ही ओल वाफ होऊन भांडे फोडते, म्हणून आच सुरुवातीला धुमसती ठेवतात. शिवाय सगळा माल एकाच आव्यात न घालता दोन आव्यांत वाटतात. जळण थोडे जास्त लागते, पण एक आवा बिघडला तर लग्न अडत नाही. पेले आणि लहान मडकी पहिल्या आव्यात, माठ दुसऱ्यात, कारण माठ सुकायला जास्त दिवस घेतात.

चुना मात्र आव्यातून बाहेर आल्यावरच बोलतो. मोरंडीतला हरभऱ्याएवढा खडाही भाजताना कळीचा चुना होतो. पुढे हवेतली ओल पिऊन तो फुगतो आणि भांड्याच्या भिंतीतून पांढऱ्या टिकलीसह कपची उडवतो. आवा उघडला त्या दिवशी धडधाकट दिसणारा पेला चौथ्या-पाचव्या दिवशी काठाशी फुटलेला असतो. गाळ बारीक चाळला तर हा त्रास फार कमी होतो. खात्री नसेल तर भांडी निवली की पाण्यात बुडवून काढतात, त्याने चुना एकदमच भिजून मऊ पडतो आणि फोडायचे बळ कमी होते. पण त्या पेल्यांना पुन्हा उन्हात वाळवावे लागते. म्हणून लग्नाच्या मालाचा शेवटचा आवा तारखेच्या किमान दहा दिवस आधी उघडलेला असावा लागतो. तणसात बांधण्याआधी माल आठवडाभर अंगणात ठेवतात, रोज सकाळी चाळून फुटके वेगळे काढतात आणि शेकडा पंधरा धरलेली तूट त्या वेळी भरून निघते.