आत्मकारकावरून इष्टदेवता

जैमिनी पद्धतीत इष्टदेवतेचा शोध आत्मकारकापासून सुरू होतो. रवीपासून शनीपर्यंतच्या सात ग्रहांपैकी जो ग्रह आपल्या राशीत सर्वांत जास्त अंश पुढे गेलेला असतो, तो आत्मकारक. ग्रह कोणत्या राशीत आहे, याचा इथे विचार नसतो.

एक पत्रिका घेऊ. शुक्र वृषभेत २७ अंश ४० कलांवर आहे आणि बाकीचे सगळे त्याच्या मागे आहेत. राशीचे ३ अंश २० कलांचे नऊ भाग म्हणजे नवांश. वृषभेचे नवांश मकरेपासून मोजतात, म्हणून शुक्र नवव्या, म्हणजे कन्या नवांशात पडतो. हा त्याचा कारकांश. कन्येपासून बारावी रास सिंह. बारावे स्थान मोक्षाचे, म्हणून इष्टदेवता नवांश कुंडलीत तिथे पाहतात. या पत्रिकेत बुध मेषेत १५ अंशांवर, म्हणजे सिंह नवांशात आहे आणि जैमिनिसूत्रांत बुधाशी विष्णुभक्ती जोडलेली आहे. स्थान रिकामे असते, तर सिंहेचा स्वामी रवी विचारात घेतला असता.

नवम स्थानाचे काम वेगळे आहे. ते धर्माचे आणि गुरूचे स्थान. उपासना कोणत्या वाटेने चालेल, हे त्यावरून पाहतात. कन्येपासून नववी रास वृषभ, तिचा स्वामी शुक्र, आणि शुक्राची देवता लक्ष्मी. इथे दोन्ही उत्तरे एकमेकांना धरून आली. प्रत्येक पत्रिकेत तशी येत नाहीत. तेव्हा इष्टदेवतेसाठी बारावेच प्रमाण मानणे बरे.

जन्मवेळेतल्या पंधरा-वीस मिनिटांच्या चुकीने आत्मकारक सहसा बदलत नाही, कारण चंद्रसुद्धा तासाला साधारण अर्धाच अंश सरकतो. लग्न मात्र सुमारे दोन तासांत रास बदलते, म्हणून लग्नापासूनचे नवम स्थान जास्त नाजूक. खरा घोटाळा अयनांशामुळे होतो. लाहिरी आणि रामन अयनांशांत सुमारे दीड अंशाचा फरक आहे. लाहिरीने २९ अंशांवर असलेला ग्रह रामनने पुढच्या राशीच्या आरंभी जातो, आणि आत्मकारकच बदलतो. काही परंपरा राहूलाही आठवा कारक धरतात; तो उलटा चालतो म्हणून त्याचे अंश ३० मधून वजा करतात. दोन ज्योतिषांनी वेगवेगळे दैवत सांगितले, तर आधी या दोन गोष्टी विचाराव्यात.

असे मिळालेले दैवत कुलदैवताची जागा घेत नाही. घराण्याचा खंडोबा किंवा तुळजाभवानी कुळाचाराने चालतच राहते. इष्टदेवता ही एकट्या माणसाच्या नित्य जपाची. विष्णू निघाला, तर विठ्ठल, राम, कृष्ण यांपैकी मन ज्याच्यापाशी रमेल ते रूप घ्यावे, एवढी मोकळीक परंपरेत आहे. देवघरातल्या पंचायतनात तर याला जागाच ठरलेली आहे. शिव, विष्णू, देवी, गणपती आणि सूर्य या पाचांपैकी आपले दैवत मध्ये आणि उरलेले चार कोपऱ्यांत बसतात. वरच्या पत्रिकेचा माणूस गंडकीतला शाळिग्राम मध्ये ठेवील. नर्मदेचा बाण आणि शोण नदीचा तांबडा गणपती त्याच्याच ताम्हनात, पण कडेला.