नापास मुलगा आणि गप्प आई: एका कथेची बांधणी

शहरात अपयशी ठरलेला तरुण गावी परततो आणि आई त्याला काहीच विचारत नाही, एवढ्या ऐवजावर कथा उभी राहू शकते. ना. सी. फडके यांच्या तंत्राचा दबदबा होता त्या काळात कथेला गुंतागुंत, उत्कंठा आणि शेवटी कलाटणी लागे. १९४५ नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने ही सक्ती मोडली. त्यानंतर बाहेर फारसे काही न घडता माणसाच्या आत जे घडते, तेही कथेचा विषय होऊ लागले. परतलेल्या मुलाची कथा याच वाटेने जाते.

अपयश कोणते, हे आधी ठरवावे लागते. आजच्या महाराष्ट्रात राज्यसेवेची तयारी करणारा तरुण या कथेला चांगला लागू पडतो. पूर्व, मुख्य आणि मुलाखत असे तीन टप्पे असल्याने 'थोडक्यात हुकले' असे वर्षानुवर्षे सांगता येते. खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत परीक्षा देता येत असल्यामुळे थांबायचे कधी, हे बाहेरचे कोणी ठरवत नाही. नोकरीवरून काढलेल्याला कोणीतरी काढलेले असते. याला मात्र स्वतःच गाशा गुंडाळावा लागतो.

नमुन्यादाखल एक कथा रचून पाहू. मराठवाड्यातल्या एका खेड्यातला मुलगा पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, अभ्यासिकेत बसतो, मेसचा डबा खातो. वडील नाहीत. पैसे आई पाठवते. शेवटचा निकाल त्याने घरी कळवलेलाच नाही. एके दिवशी पत्र्याची पेटी आणि पुस्तकांचे पोते घेऊन तो संध्याकाळच्या एसटीने गावी उतरतो.

इथे नवा लेखक हमखास एक चूक करतो. तो आईला खरोखरच मुकी करून टाकतो. ती खिडकीशी उभी राहते, डोळ्यांना पदर लावते आणि लेखक तिच्या मौनाचे वर्णन करत बसतो. खेड्यातली आई अशी वागत नाही. ती बोलत असते. "आलास का रं?" म्हणते, पाय धुवायला पाणी देते, बोअरचे पाणी खाली गेल्याचे सांगते, तूर काढणीला आल्याचे सांगते, शेजारच्या लग्नाला किती माणूस आलं होतं तेही सांगते. परीक्षेचा शब्द तेवढा काढत नाही. इतक्या बोलण्यात एकच विषय वगळलेला असला, की ती गाळलेली जागा वाचकाला आपोआप दिसते.

मुलाची पंचाईत वेगळीच आहे. एसटीत बसल्या बसल्या त्याने उत्तरे तयार केली आहेत: किती गुणांनी राहिले, पेपर कसा अवघड होता. प्रश्न आला तर उत्तर देता येईल, शिव्या मिळाल्या तर चिडता येईल. प्रश्नच येत नसल्याने त्याला बचाव करता येत नाही. त्यामुळे कथा मुलाच्या नजरेतून सांगणे सोयीचे ठरते. आईच्या गप्प राहण्याचा अर्थ तो लावत राहतो आणि प्रत्येक वेळी तो अर्थ राग हाच निघतो.

कथा वळते ती गोठ्यात. रात्री तो बाहेर येतो, तर खुंटा आहे, दावे आहे, म्हैस नाही. फोनवर आईने म्हैस व्याल्याचे, रेडी झाल्याचे सांगितले होते. मेसचे पैसे दुधाचेच, अशी त्याची समजूत होती. निकाल लपवणाऱ्या मुलापासून आईनेही विक्री लपवली होती. तिला विचारायची भीती वाटते, कारण आपण विचारले तर तोही विचारेल. दोघांचे गप्प राहणे एकाच जातीचे आहे, हे वाचकाला इथे समजते. मुलाला ते किती समजले, हे न सांगणेच बरे.

मात्र ही म्हैस वाचकाला आधी भेटलेली असावी लागते. एसटीतल्या विचारांत किंवा दुधाशिवाय आलेल्या चहात तिचा एक ओझरता उल्लेख पुरतो. तो नसेल तर रिकामा गोठा ही लेखकाने ऐन वेळी केलेली सोय वाटते. उलट तीन-चार वेळा उल्लेख केला, तर वाचक मुलाच्या आधीच गोठ्यात पोचतो.

शेवटी आई-मुलाने गळ्यात पडून रडणे हा सर्वांत कमकुवत शेवट, कारण तोवर जपलेला ताण तो एका ओळीत खर्चून टाकतो. सकाळी आईने "तुरीला माणूस मिळंना" एवढे म्हणावे आणि त्याने विळा शोधावा, इतके पुरे. हे वाक्य क्षमाही असू शकते आणि निव्वळ गरजही. लेखकाने त्यात निवड करू नये.

अशा कथेला दीड ते दोन हजार शब्द पुष्कळ होतात. पहिला खर्डा झाल्यावर 'मौन', 'निःशब्द', 'अबोल' हे शब्द असलेली वाक्ये काढून टाकून ती पुन्हा वाचावी. आईचे गप्प राहणे तरीही जाणवले तर कथा जमली. नाही जाणवले, तर पहिल्या संध्याकाळचा प्रसंग पुन्हा लिहावा.