कागद राहू द्या, हात दाखवा!

नागापूरच्या माझ्या पार्लरात खुर्च्या तीनच. तरी पहिल्या वर्गाला हौसेने 12 मुली घेतल्या. झाले काय, तिघींच्या हाती दोरा आणि बाकीच्या नुसत्या बघ्या! तीन महिन्यांनी सर्वांना सोनेरी काठाची प्रमाणपत्रे दिली. त्यांतली एक नोकरीसाठी गेली, तर मालकीणबाई म्हणाल्या, "कागद राहू द्या, माझ्या भुवया कोरून दाखवा." पोरीचा हात थरथरला. ती रडत परतली. दोष माझाच होता.

आता खुर्चीमागे दोघी, म्हणून मुली सहाच. एकीने काम करायचे, दुसरीने गिऱ्हाईक व्हायचे. वर्ग दुपारी, गिऱ्हाइके तुरळक असताना. फी प्रत्येकी 8,000, तीन हप्त्यांत. जमतात 48,000, त्यांतले 12,000 सामानाला, 24,000 मदतनीस बाईंना. उरतात 12,000. मुली दुप्पट घेतल्या तर पैसा वाढेल, पण हात कच्चे राहतील.

प्रत्येकीच्या वहीत रोजचे काम आणि माझी सही. प्रमाणपत्रावर तास आणि किती भुवया कोरल्या तो आकडा. वहीशी कोणीही ताडून पाहावा. 'सरकारमान्य' हा शब्द मात्र मी छापत नाही. तो हवा असेल तिला ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलशी संलग्न केंद्रात पाठवते. तिथे परीक्षक बाहेरचा असतो. स्वतःच शिकवून स्वतःच उत्तीर्ण करणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवील?