लिफ्टमध्ये अडकलात? सोसायटीला ईमेल असा लिहा

शिरूर अनंतपाळात लिफ्टची इमारत शोधावी लागते. पण मुलांच्या अकरावी-बारावीसाठी लातूरला फ्लॅट घेतलेली किंवा भाड्याने राहणारी इथली कुटुंबं बरीच आहेत, आणि तिथे आजी-आजोबांचा लिफ्टशिवाय निभाव लागत नाही. अशा इमारतीत लिफ्ट मध्येच थांबली, माणसं पंधरा-वीस मिनिटं अडकली आणि सुखरूप बाहेर आली, तर पुढे काय होतं? व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर दोन दिवस चर्चा होते. मेकॅनिक येऊन जातो. "लाइट गेली होती" असं सांगितलं जातं आणि विषय संपतो. तो तिथे संपू नये म्हणून ईमेल लिहायचा.

एक प्रसंग समोर ठेवू या. संध्याकाळी पावणेआठला एक आजी, त्यांची सून आणि क्लासहून आलेला नातू लिफ्टमध्ये शिरले. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबली.

पहिलं काम वेळ टिपण्याचं. अडकलेल्या माणसाला दहा मिनिटं तासाभरासारखी वाटतात, म्हणून अंदाजाने "अर्धा तास अडकलो" असं लिहिलं जातं. मग वॉचमन "छे, दहाच मिनिटं" म्हणतो आणि आपली सगळी तक्रारच फुगवलेली ठरते. आतून कुणाला फोन लावला असेल, तर कॉलची नोंद मोबाइलमध्ये असते. आपल्या प्रसंगात सुनेचा पहिला फोन ७.४६ ला गेला आणि दार ८.०४ ला उघडलं. म्हणजे अठरा मिनिटं.

दुसरं काम आत काय दिसत होतं ते आठवण्याचं. इथे घाई करू नका, कारण बिघाडाचा माग इथेच लागतो. दिवा चालू होता का? पंखा फिरत होता का? मजल्याचा आकडा दिसत होता का? नुसत्या दिव्यावर जाऊ नका. वीज गेल्यावरही बॅटरीवरचा छोटा दिवा लागतो. पण पंखा फिरत होता आणि आकडाही दिसत होता, तर लिफ्टची वीज बहुधा पूर्ण गेलेली नव्हती आणि कारण दुसरीकडे शोधायला हवं.

ते बरेचदा दारात सापडतं. प्रत्येक मजल्याच्या दाराला कुलपाचा एक विजेचा संपर्क, म्हणजे कॉन्टॅक्ट, असतो. सगळी दारं नीट लागल्याचा निरोप मिळाल्याशिवाय लिफ्ट हलत नाही, आणि चालताना तो निरोप क्षणभर तुटला तरी ती जागीच थांबते. दाराखालच्या खाचेत गुटख्याची पुडी अडकली तरी हे होऊ शकतं. जुन्या जाळीच्या दाराच्या लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावर एखाद्या पोराने दार हलवलं तरी पुरतं.

उलट पंखा, आकडा सगळंच बंद पडलं असेल, तर वीज गेली असणार. तरी प्रश्न मिटत नाही. बहुतेक नव्या लिफ्टना 'एआरडी' बसवलेली असते. वीज गेल्यावर बॅटरीच्या जोरावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारी ही यंत्रणा. ती असेल, तर वीज गेली म्हणून माणसं अठरा मिनिटं अडकायचं कारण नाही. बॅटरी मेली आहे का, हे विचारायलाच हवं.

यात एक मेख आहे. इमारतीच्या लिफ्टला बहुधा तीन फेजची वीज लागते. आपल्याकडे एकच फेज जाणं नवं नाही. अशा वेळी बऱ्याच घरांत टीव्ही चालू असतो आणि लिफ्ट मात्र बंद पडते. म्हणून "आमच्या घरात लाइट होती" एवढंच लिहू नका. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही अशा दोन-तीन घरांत विचारा आणि कुठे होती, कुठे नव्हती ते फ्लॅट क्रमांकासह लिहा.

तिसरी गोष्ट सुटकेची: दार कोणी उघडलं, कसं उघडलं आणि तेव्हा लिफ्ट मजल्याला लागलेली होती की अधांतरी? अधांतरी लिफ्टमधून माणसाला ओढून बाहेर काढताना पाय घसरला, तर लिफ्टखालच्या मोकळ्या शाफ्टमध्ये पडण्याचा धोका असतो. आत थांबण्यापेक्षा हा धोका कितीतरी मोठा. लिफ्टची पेटी हवाबंद नसते, त्यामुळे गुदमरण्याची भीती नको. वॉचमनने अशी ओढाताण केली असेल, तर तसं लिहा. पण त्याला दोष देऊ नका. त्याला कुणी शिकवलं होतं का, हा प्रश्न समितीला आहे.

आता ईमेल. तो त्याच रात्री जायला हवा. बऱ्याच नव्या लिफ्टच्या कंट्रोलरमध्ये बिघाडाची नोंद सांकेतिक क्रमांकाने राहते. पण नव्या नोंदी आल्या की जुन्या पुसल्या जातात, कधी मेकॅनिकच पुसतो. ईमेल अध्यक्ष आणि सचिव दोघांना पाठवा. सोसायटी अजून झाली नसेल, तर बिल्डरला.

विषय: लिफ्टमध्ये तीन रहिवासी १८ मिनिटे अडकले – १२ तारीख, सायं. ७.४६

मा. अध्यक्ष व सचिव यांस,
आज सायंकाळी ७.४६ ते ८.०४ या वेळेत फ्लॅट ३०४ मधील तिघे (त्यांत एक ज्येष्ठ महिला) लिफ्टमध्ये २ व ३ या मजल्यांमध्ये अडकले होते. आतला पंखा व मजल्याचा आकडा चालू होता. फ्लॅट १०२ व ४०१ मध्ये वीज होती. घंटा वाजवली, ती खाली ऐकू गेली नाही. वॉचमनने चावीने दार उघडले. लिफ्ट मजल्यापासून सुमारे दोन फूट वर होती. कुणालाही इजा नाही.
विनंती : (१) तपासणी होईपर्यंत लिफ्ट बंद ठेवावी. (२) कंट्रोलरमधील आजची नोंद पुसण्याआधी तिचा फोटो घ्यावा. (३) कोणता भाग बिघडला, काय केले, हे देखभाल कंपनीकडून लेखी घ्यावे. (४) रिकाम्या लिफ्टचा मुख्य स्विच बंद करून मेकॅनिकने एआरडी आमच्यासमोर तपासावी. (५) घंटा दुरुस्त करावी.

एवढं पुरे. याच ईमेलमध्ये पाण्याचा टँकर आणि पार्किंग आणू नका. समिती सोप्या प्रश्नाचं उत्तर देते आणि अवघड प्रश्न राहून जातो. "लवकर दुरुस्त करा" असंही नको, कारण त्यावर "केली" एवढं उत्तर पुरतं.

चार दिवसांत उत्तर आलं नाही, तर नवा ईमेल न लिहिता त्याच ईमेलला उत्तर म्हणून आठवण द्या, म्हणजे तारखा एका जागी राहतात. तरीही शांतता असेल, तर विद्युत निरीक्षकाकडे जाता येतं. राज्यात १९३९ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला २०१७ चा लिफ्टचा कायदा आहे. त्यानुसार लिफ्ट चालवायला परवाना लागतो आणि तिची सरकारी तपासणी होते. कुणाला इजा झाली असेल, तर निरीक्षकाला कळवणं ही लिफ्टच्या मालकाचीच जबाबदारी आहे.

आणि आपल्याकडे बऱ्याच समित्या ईमेल उघडूनच पाहत नाहीत. तेव्हा त्याची एक प्रत छापून सचिवांच्या हातात द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला विसरू नका.