जेवणासोबतच घ्या कॅप्सूल! स्वादुपिंडाच्या जुन्या आजारात नेमकी चूक कुठे होते?

पोटदुखी, तेलकट संडास अन् मागाहून येणारी शुगर, तिन्हींचे मूळ एकच

अमरावती/अकोला : "जेवलो का पोट दुखते अन् पाठीले भिडते," अशी तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णाला बहुतेक वेळा ॲसिडिटीची गोळी मिळते. ती बरीच वर्षे चालते. दुखणे मात्र परत परत येते, वजन उतरत जाते आणि संडास तेलकट होऊ लागते. ही तीन लक्षणे एकत्र दिसली की दोष जठराचा नसून त्यामागे असलेल्या स्वादुपिंडाचा असू शकतो. या आजाराला क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस म्हणतात.

स्वादुपिंडाची दोन कामे

जठराच्या मागे आडवा पडलेला हा अवयव दोन कामे करतो. पहिले काम म्हणजे अन्न पचवणारा रस आतड्यात सोडणे. त्यातले लायपेज हे एन्झाइम तेल-तूप पचवते. दुसरे काम इन्सुलिन तयार करून रक्तातली साखर ताब्यात ठेवण्याचे.

वारंवार सूज येऊन स्वादुपिंड आतून कडक होते. नळीत खडे साचतात, रसाची वाट अडते आणि दुखणे सुरू होते. छातीच्या खाली मध्यभागी उठणारी कळ पाठीत जाते. पुढे वाकून बसले की थोडे बरे वाटते. दारू आणि बिडी-सिगारेट ही मोठी कारणे आहेत. पण भारतात कधीच दारू न प्यायलेल्या तरुणांनाही हा आजार होतो आणि काहींमध्ये त्यामागे जनुकीय दोष असतो. त्यामुळे रुग्ण दिसला की त्याला दारुडा ठरवणे चूक आहे.

संडास तेलकट कधी होते?

स्वादुपिंडाची ताकद बरीच राखीव असते. रस तयार करण्याची क्षमता सुमारे ९० टक्के संपल्यावरच चरबी न पचता बाहेर पडू लागते. म्हणजे हे लक्षण दिसते तेव्हा आजार पुढे गेलेला असतो. संडास फिकट, चिकट, फार घाण वासाची होते. पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो, भांड्याला चिकटते, दोन-तीनदा पाणी टाकले तरी जात नाही. चरबीसोबत अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही वाया जातात. त्यामुळे रातांधळेपणा येऊ शकतो, हाडे ठिसूळ होतात.

खात्रीसाठी संडासच्या नमुन्यात इलास्टेज तपासतात. एका ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आकडा आला तर रस कमी पडतोय असा संशय, १०० च्या खाली असेल तर मोठी कमतरता. नमुना पातळ असेल तर आकडा खोटा कमी येऊ शकतो, हे लक्षात ठेवावे. खडे आणि नळीची स्थिती सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये दिसते.

एक उदाहरण

दर्यापूर तालुक्यातला ४० वर्षांचा एक शेतकरी समजा. निदान झाले, कॅप्सूल सुरू झाल्या, पण दोन महिन्यांनंतरही संडास तशीच आणि वजन तेवढेच. "डॉक्टर साहेब, औषध लागूच पडत नाही," असे तो म्हणतो. विचारपूस केल्यावर तीन चुका निघतात.

पहिली चूक वेळेची. तो सकाळी उपाशीपोटी सगळ्या कॅप्सूल एकदम घेत होता. ही कॅप्सूल दुखण्याची गोळी नाही, ती उसना आणलेला पाचक रस आहे. अन्न आतड्यात असेल तेव्हाच तिचे काम. म्हणून पहिल्या घासासोबत एक आणि जेवण अर्धे झाल्यावर दुसरी, असे वाटून घ्यायचे. ती चावायची नाही, कुटायची नाही. आतल्या दाण्यांवर आवरण असते, ते फुटले तर जठरातले आम्ल एन्झाइम मारून टाकते.

दुसरी चूक मात्रेची. त्याच्याकडे १०,००० युनिटची कॅप्सूल होती आणि जेवणाला तो एकच घ्यायचा. मोठ्या माणसाला साधारण सुरुवातच मुख्य जेवणाला ४० ते ५० हजार युनिट लायपेजने आणि नाश्त्याला त्याच्या निम्म्याने करतात. डॉक्टरांनी २५,००० युनिटची कॅप्सूल दिली. सकाळी पोह्यांसोबत एक, दुपारी भाकर-वरण-भाजीला दोन, रात्री दोन, अशा दिवसाला पाच. नुसत्या फळाला किंवा काळ्या चहाला गरज नाही. तर्रीचा रस्सा, पंगतीतले जेवण असेल तर मात्रा वाढवावी लागते, ती किती हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे.

तिसरी चूक साठवणीची. डबी टिनाच्या घरात, मे महिन्यात. अकोल्यात पारा ४५ च्या घरात जातो, आणि उष्णतेने एन्झाइम निकामी होते. डबी घरातल्या सर्वात थंड पण कोरड्या कोपऱ्यात, घट्ट बंद ठेवावी. गाडीच्या डिक्कीत तर नाहीच.

हे सगळे नीट करूनही फरक पडला नाही तर डॉक्टर ॲसिड कमी करणारी गोळी जोडतात किंवा आतड्यातल्या जंतूंचा शोध घेतात. दुकानातले साधे पाचक सिरप याला पर्याय नाही. त्यात सहसा डायस्टेज व पेप्सिन असते, चरबी पचवणारे लायपेज नसते. आणखी एक गोष्ट उघड सांगायला हवी. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. कुणाला अडचण वाटत असेल तर आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांशी बोलावे.

कॅप्सूलने दुखणे थांबतेच असे नाही. दुखण्यासाठी खडे फोडणे, नळीत दुर्बिणीतून स्टेंट टाकणे किंवा शस्त्रक्रिया हे वेगळे उपाय असतात. दारू आणि तंबाखू सोडल्याशिवाय मात्र त्यांचाही उपयोग टिकत नाही.

मग शुगर का येते?

सूज वाढत गेली की इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीही मरतात. हा मधुमेह नेहमीच्या मधुमेहासारखा नसतो. इन्सुलिन कमी पडते, शिवाय साखर खाली गेल्यावर तिला वर आणणारे ग्लुकागॉनही कमी होते. त्यामुळे इन्सुलिन घेणाऱ्याची साखर अचानक खूप खाली जाऊ शकते. घाम, थरथर, भोवळ, बडबड ही लक्षणे. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असेल तर लगेच साखर-पाणी द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा.

इथे कॅप्सूल, जेवण आणि इन्सुलिन यांची सांगड लागते. इन्सुलिन घेतले पण कॅप्सूल विसरली, तर अन्न पचत नाही आणि साखर घसरते. उलट कॅप्सूल नीट सुरू झाल्यावर अन्न अंगी लागते व साखर वाढू शकते. म्हणून कॅप्सूल सुरू करताना किंवा मात्रा बदलताना साखर जास्त वेळा तपासावी. उपासाच्या दिवशी इन्सुलिनची मात्रा आपल्या मनाने ठरवू नये. ज्यांना अजून मधुमेह नाही, त्यांनीही वर्षातून एकदा उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी करून घ्यावी.

त्वरित दवाखाना केव्हा?

उलट्यांसह असह्य कळ, डोळे पिवळे होणे, ताप, किंवा कॅप्सूल नियमित असूनही वजन झपाट्याने घटणे, यापैकी काहीही झाले तर थांबू नये. जुन्या आजारात पुढे कर्करोगाचा धोका वाढलेला असतो. म्हणून नव्याने बदललेले दुखणे "जुनंच आहे" म्हणून सोडून देऊ नये. जाताना जुने रिपोर्ट आणि कॅप्सूलची डबी सोबत न्यावी. डबीवरचा युनिटचा आकडा पाहिल्यावर मात्रा कमी पडते का, हे डॉक्टरांना लगेच कळते.