बंदराच्या छायाचित्रातील गलबताची जात कशी ओळखावी

मुंबई बंदराच्या जुन्या छायाचित्रांखाली पुष्कळदा 'अरब धाऊ' एवढीच नोंद आढळते. 'धाऊ' हे युरोपीय लेखकांनी रूढ केलेले सर्वसाधारण नाव होय. त्यावरून गलबताची जात कळत नाही. ती ठरविण्यासाठी छायाचित्राचे निरीक्षण विशिष्ट क्रमाने करावे लागते.

प्रथम लक्ष शिडाकडे जाते. परंतु शिडावर फारसे विसंबता येत नाही. अरबी समुद्रातील बहुतेक मोठ्या गलबतांचे शीड तिरप्या काठीला बांधलेले असते, आणि बंदरात ते बहुधा उतरविलेले असते. डोलकाठी मात्र उपयोगी पडते. ती सामान्यतः पुढे कललेली असल्यामुळे गलबताची नाळ कोणत्या बाजूस आहे, हे समजते.

नाळ निश्चित झाल्यावर पिछाडी पाहावी. ती नाळेसारखीच निमुळती असून नाळेचे लाकूड सरळ व लांब पुढे गेलेले असेल, तर ते कुवेतकडील 'बूम' असण्याचा संभव मोठा. पिछाडी सपाट व चौकोनी असेल, तर बगला, कोटिया, घंजा व संबूक यांचा विचार करावा. संबूकाची नाळ तलवारीच्या पात्यासारखी वळलेली व निरलंकार असते. उरलेल्या तिघांचे सांगाडे इतके सारखे असतात, की निर्णय नाळेच्या शेंड्यावरच अवलंबून राहतो. बगल्याच्या शेंड्यावर साधा खुंट असतो, घंज्याच्या शेंड्यावर त्रिदलाकृती नक्षी, तर कोटियाच्या शेंड्यावर मागे वळलेल्या पोपटाच्या डोक्यासारखी आकृती.

समजा, वरील नोंद असलेल्या एखाद्या छायाचित्रात दोन डोलकाठ्या, मागे उंच डेक, त्याखाली खिडक्या असलेली कोरीव चौकोनी पिछाडी आणि मध्ये मालासाठी मोकळी जागा दिसते. एवढ्यावरून ते बगला वाटेल. मात्र भिंगाखाली शेंड्यावर पोपटाचे डोके स्पष्ट झाले, तर ते कोटिया, म्हणजे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील बांधणीचे गलबत ठरते, आणि 'अरब' हा शब्द बांधणीपुरता तरी गळून पडतो.

येथे दोन मर्यादा ध्यानात ठेवल्या पाहिजेत. भारतीय बांधणीची गलबते अरब व्यापाऱ्यांकडेही असत. म्हणून बांधणीवरून मालकी सिद्ध होत नाही. तसेच दुसऱ्या गलबतामुळे शेंडा झाकला गेला असेल, तर 'बगला किंवा तत्सम, चौकोनी पिछाडीचे' एवढेच नोंदवावे. अपुऱ्या खुणांवरून दिलेले नेमके नाव पुढील अभ्यासकास पुरावा म्हणून भासते, आणि मूळ शंका कायमची लोपते.